उतारावरचा ठोकळा, लटकता ठोकळा आणि मधली कप्पी: आकृती आणि त्वरणाचं उत्तर पडताळायचं कसं

अकरावीतल्या एका मुलीने परवा वही पुढे केली. गणित ओळखीचं होतं. ३०° च्या उतारावर ५ किलोचा ठोकळा ठेवलाय. त्याला बांधलेली दोरी उताराला समांतर वर जाते, माथ्यावरच्या कप्पीवरून पलीकडे उतरते आणि तिच्या टोकाला ४ किलोचा ठोकळा लटकतोय. उतार आणि ठोकळा यांच्यातला स्थितिक घर्षणांक ०.३, गतिक घर्षणांक ०.२. दोन्ही ठोकळे स्थिर धरून सोडले, तर त्वरण किती?

"सर, माझं २.५८ येतंय आणि मागे उत्तर ०.६९ दिलंय. मी तीनदा तपासलं."

तिने खरंच तीनदा तपासलं होतं. पण तीनही वेळा तिने तीच दोन समीकरणं पुन्हा सोडवली होती, आणि बेरीज-वजाबाकी पहिल्यापासूनच बरोबर होती. चूक समीकरणांच्याही आधी, आकृतीतल्या एका बाणात होती. तो बाण चुकीचा असला तरी त्यावरून मांडलेली समीकरणं सुरळीत सुटतात आणि उत्तर परत त्यांत घातलं की जुळतंही. म्हणून पडताळणी वेगळ्या वाटेने करावी लागते. ती कशी करायची, ते याच गणितावर दाखवतो. g ची किंमत ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग घेतली आहे.

आधी बाण मोजा

फ्री बॉडी डायग्राम तपासताना प्रत्येक बाणावर बोट ठेवायचं आणि विचारायचं: हे बल या ठोकळ्यावर कोण लावतंय? ज्या बाणाला असा कुणी 'लावणारा' सापडत नाही, तो बाण खोडायचा.

लटकत्या ठोकळ्याला फक्त दोन गोष्टींचा संबंध आहे, पृथ्वी आणि दोरी. म्हणून दोनच बाण: वजन ३९.२ न्यूटन खाली आणि ताण T वर. उतारावरच्या ठोकळ्याला पृथ्वी ओढते, दोरी ओढते आणि उताराचा पृष्ठभाग स्पर्श करतो. पृष्ठभागाचं बल आपण सोयीसाठी दोन भागांत लिहितो, पृष्ठभागाला लंब असलेलं N आणि पृष्ठभागालगतचं घर्षण f. म्हणजे एकूण चार बाण. दोन आणि चार. यापेक्षा जास्त किंवा कमी असतील तर पुढे जाऊच नका.

जास्तीचे बाण बहुधा तीनच प्रकारचे असतात. पहिला, 'ma' नावाचा बाण. ma हे बल नव्हे, सगळ्या बलांच्या बेरजेचा तो परिणाम आहे आणि त्याची जागा समीकरणाच्या दुसऱ्या बाजूला असते. दुसरा, mg चा उभा बाण तसाच ठेवून शेजारी mg sin θ आणि mg cos θ चे बाणही काढणं. मग एकच वजन दोनदा मोजलं जातं. घटक काढायचे असतील तर तुटक रेषेने काढा, किंवा मूळ बाणावर काट मारा. तिसरा प्रकार सगळ्यांत फसवा असतो. उतारावरच्या ठोकळ्यावर दोरीच्या दिशेने थेट '४ × ९.८' असा बाण काढला जातो. लटकत्या ठोकळ्याला पृथ्वी ओढते. पण उतारावरच्या ठोकळ्याला लटकता ठोकळा माहीतच नाही, त्याला फक्त दोरी माहीत आहे. दोरी किती जोराने ओढते, ते अजून काढायचं आहे.

बाणांच्या दिशाही बघा. दोरी ढकलू शकत नाही, त्यामुळे T दोन्हीकडे ठोकळ्यापासून दूर, दोरीच्या रेषेतच असायला हवा. N उताराला काटकोनात हवा. वहीत तो कित्येकदा सरळ उभा काढलेला दिसतो, कारण हाताला सपाट टेबलाची सवय असते.

साइन कुठे आणि कोसाइन कुठे, यात गोंधळ होत असेल तर पाठांतरावर विसंबू नका. मनात उतार आडवा करून बघा, म्हणजे θ शून्य. सपाट पृष्ठभागावर वजन ठोकळ्याला पुढेमागे ओढत नाही, म्हणून उताराच्या दिशेचा घटक शून्य व्हायला हवा. sin ०° शून्य असतो, cos ०° नसतो. म्हणून उताराच्या दिशेला mg sin θ आणि लंब दिशेला mg cos θ. आपल्या गणितात:

उताराच्या दिशेने खाली: ५ × ९.८ × ०.५ = २४.५ न्यूटन

लंब दिशेला: ५ × ९.८ × ०.८६६ = ४२.४३ न्यूटन

ठोकळा उतार सोडून उडत नाही की आत घुसत नाही, म्हणून लंब दिशेला त्वरण शून्य आणि N = ४२.४३ न्यूटन. ही बरोबरी दोरी उताराला समांतर असेपर्यंतच खरी आहे. कप्पी वर असेल आणि दोरी तिरकी जात असेल तर तीही ठोकळ्याला थोडं उचलते आणि N कमी होतो. आकृतीत दोरी खरंच समांतर आहे का, हे एकदा नीट बघून घ्या.

घर्षणाचा बाण शेवटी काढा

त्या मुलीची चूक इथेच होती. तिने धरलं की ५ किलोचा ठोकळा जड, म्हणून तो उतारावरून खाली घसरेल. मग घर्षण उतारावर वरच्या दिशेने. गृहीत दिशेप्रमाणे तिने लिहिलं:

२४.५ − ८.४९ − T = ५a

T − ३९.२ = ४a

यातून a = −२.५८ आलं. ती म्हणाली, "वजा आलं म्हणजे दिशा उलट", आणि वजा चिन्ह खोडून तिने २.५८ लिहिलं.

घर्षण नसलेल्या गणितात असं करणं अगदी योग्य आहे. दिशा चुकीची धरली तरी वजन खालीच राहतं आणि ताण दोरीतच राहतो. एकही बाण बदलत नाही, फक्त उत्तराचं चिन्ह बदलतं. गतिक घर्षणाचं मात्र तसं नाही. त्याचा बाण ठोकळा कुठे सरकतोय यावर ठरतो. सरकण्याची दिशा उलटली की तो बाणही उलटतो, म्हणजे समीकरणच बदलतं. तिच्या आकृतीत ठोकळा वर निघाला होता आणि घर्षणाचा बाणही वरच होता. घर्षण त्याला मागे ओढायच्या ऐवजी पुढे ढकलत होतं. म्हणून घर्षण असलेल्या गणितात वजा उत्तर आलं, तर चिन्ह खोडून भागत नाही. आकृती नव्याने काढावी लागते.

त्यापेक्षा दिशा आधीच ठरवणं सोपं. घर्षण क्षणभर बाजूला ठेवा आणि दोन ओढींची तुलना करा. लटकत्या ठोकळ्याची ओढ ३९.२ न्यूटन, उतारावरच्या ठोकळ्याची खाली ओढ २४.५ न्यूटन. लटकता भारी आहे, फरक १४.७ न्यूटन. म्हणजे हलला तर उतारावरचा ठोकळा वरच जाणार आणि घर्षण उतारावर खालच्या दिशेने असणार. उतारावर घसरण्यात फक्त वजनाचा निम्मा भाग भाग घेतो, त्यामुळे किलो बघून दिशा ठरवता येत नाही.

पुढचा प्रश्न: हलतो तरी का? स्थितिक घर्षण जास्तीत जास्त ०.३ × ४२.४३ = १२.७३ न्यूटन देऊ शकतं. फरक १४.७ आहे, तो यापेक्षा मोठा. म्हणजे ठोकळे सुटतात. आता कुठे गतिक घर्षण लिहायचं: ०.२ × ४२.४३ = ८.४९ न्यूटन, उतारावरून खाली.

उत्तर काढणं

हा भाग सगळ्यांत छोटा आहे. उतारावरचा ठोकळा वर आणि लटकता खाली, हीच धन दिशा. दोरी ताणली जात नाही, म्हणून दोघांचं त्वरण आकड्याने सारखं. कप्पी हलकी आणि विनाघर्षण, म्हणून दोन्ही बाजूंना ताण सारखा.

T − २४.५ − ८.४९ = ५a

३९.२ − T = ४a

बेरीज केली की T जातो: ६.२१ = ९a, म्हणून a = ०.६९ मीटर प्रति सेकंद वर्ग. दुसऱ्या समीकरणातून T = ४ × (९.८ − ०.६९) = ३६.४४ न्यूटन.

पडताळणी, चार वाटांनी

पहिली वाट सगळ्यांना माहीत असते: न वापरलेल्या समीकरणात किंमत घालणं. T आपण लटकत्या ठोकळ्यावरून काढला, म्हणून तो उतारावरच्या ठोकळ्यावर तपासू. ३६.४४ − २४.५ − ८.४९ = ३.४५, आणि ५ × ०.६९ = ३.४५. जुळलं. पण यातून फक्त आकडेमोड बरोबर आहे एवढंच कळतं. त्या मुलीच्या चुकीच्या समीकरणांतून T = २८.८९ न्यूटन येतो, आणि तो तिच्या पहिल्या समीकरणात घातला तर २४.५ − ८.४९ − २८.८९ = −१२.८८, जे ५ × (−२.५८) शी दुसऱ्या दशांशस्थळाच्या फरकाने जुळतं. म्हणून ही वाट करा जरूर, पण तिच्यावर थांबू नका.

दुसरी वाट मला सगळ्यांत आवडते, कारण तिला कागदही लागत नाही. ताण कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये असायला हवा, ते बघा. लटकता ठोकळा खाली वेग घेतोय, म्हणजे त्याला खाली ओढणारं वजन वर ओढणाऱ्या ताणापेक्षा मोठं. म्हणून T हा ३९.२ पेक्षा कमी हवा. उतारावरचा ठोकळा वर वेग घेतोय, म्हणजे ताण त्याला अडवणाऱ्या दोघांच्या बेरजेपेक्षा मोठा. म्हणून T हा २४.५ + ८.४९ = ३२.९९ पेक्षा जास्त हवा. ३२.९९ ते ३९.२ ही ताणाची खिडकी. आपला ३६.४४ आत बसतो. तिचा २८.८९ खिडकीच्या बाहेर पडतो, आणि आकृतीत काहीतरी बिघडलंय हे तिथेच उघड होतं. ताण ३९.२ इतकाच आला, म्हणजे खिडकीच्या काठावर, तर तुम्ही 'ताण म्हणजे लटकत्या ठोकळ्याचं वजन' असं धरलंय. ते ठोकळे स्थिर किंवा एकसमान वेगाने जात असतानाच खरं असतं.

तिसरी वाट ऊर्जेची. इथे ताण येतच नाही, म्हणून ताणाशी संबंधित चुका तिच्यात मिसळत नाहीत. लटकता ठोकळा १ मीटर खाली आला असं धरा. त्याने ३९.२ जूल स्थितिज ऊर्जा गमावली. दुसरा ठोकळा उतारावर १ मीटर सरकला, पण उंचीने अर्धा मीटरच चढला, त्याने २४.५ जूल मिळवली. घर्षणाने ८.४९ जूल खाल्ली. उरली ६.२१ जूल, ती दोघांची मिळून गतिज ऊर्जा:

½ × ९ × v² = ६.२१, म्हणून v² = १.३८

आता a = ०.६९ वरून v² = 2as म्हणजे २ × ०.६९ × १ = १.३८. दोन वाटा एकाच ठिकाणी पोचल्या. a = २.५८ असतं तर गतिज ऊर्जा २३.२ जूल झाली असती, पण गुरुत्वाकर्षणाने मुळात १४.७ जूलच मोकळी केली होती. उरलेली आणायची कुठून? या वाटेची एक मर्यादा मात्र आहे. घर्षणासाठी N इथेही तोच वापरलाय. N चुकला असेल तर दोन्ही उत्तरं मिळून चुकतील आणि छान जुळतीलही. N ची खात्री आकृतीच्या टप्प्यावरच करून घ्यावी लागते.

चौथी वाट म्हणजे सूत्राला टोकापर्यंत ताणून बघणं. त्यासाठी आकडे घालण्याआधी अक्षरांत उत्तर लिहायला हवं. उतारावरचा ठोकळा m₁, लटकता m₂, गतिक घर्षणांक μ:

a = g (m₂ − m₁ sin θ − μ m₁ cos θ) / (m₁ + m₂)

उतार उभा करा, θ = ९०°. cos शून्य होतो, घर्षण जातं आणि उरतं g (m₂ − m₁) / (m₁ + m₂). कप्पीच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या ठोकळ्यांचं हे सूत्र. केंब्रिजच्या जॉर्ज ॲटवुड यांनी १७८४ च्या ग्रंथात वर्णन केलेलं यंत्र यावरच चालतं: दोन्ही वजनं जवळजवळ सारखी ठेवली की त्वरण इतकं मंद होतं की ते साध्या घड्याळाने मोजता येतं. उलट, m₂ प्रचंड मोठा करा, a हा g कडे जातो. म्हणजे जड ठोकळा जवळजवळ मोकळा पडतो. या दोन टोकांना सूत्र विचित्र वागलं, तर मधल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

चुकीचा आकडा चूक सांगतो

एवढी वर्षं या प्रकारची गणितं तपासल्यावर काही आकडे मला ओळखीचे झालेत. याच गणितात १.६३ आलं, तर घर्षण विसरलंय, कारण १४.७ ÷ ९ = १.६३. हा आकडा आणखी एका कामाचा आहे. घर्षण धरून आलेलं त्वरण कधीच घर्षणाशिवायच्या त्वरणापेक्षा मोठं असू शकत नाही. २.५८ हे १.६३ पेक्षा मोठं आहे, एवढ्यावरूनही त्या मुलीला थांबता आलं असतं.

१.२४ आलं, तर ६.२१ ला एकट्या ५ ने भागलंय. बल दोन्ही ठोकळ्यांना वेग देतं, भागायचं एकूण ९ किलोने. 'T म्हणजे ३९.२' असं धरणाऱ्यालाही हेच १.२४ मिळतं, कारण दोन्ही ठिकाणी चूक एकच आहे: लटकत्या ठोकळ्यालाही वेग द्यायला बल लागतं, हे विसरणं.

०.५४ आलं, तर N ला उतारावरही पूर्ण वजनाएवढा, ४९ न्यूटन धरलंय. ०.२२ आलं, तर ठोकळे सुटल्यावरही ०.३ चा स्थितिक घर्षणांक वापरत राहिलात. आणि ०.७० आलं, तर बहुधा काहीच चुकलेलं नाही. g ला १० धरलंय, म्हणून सगळं त्याच प्रमाणात वाढलं.

त्वरण शून्य असेल तेव्हा

लटकता ठोकळा ४ ऐवजी ३ किलोचा करा आणि सवयीने सरळ सूत्रात घाला. (२९.४ − २४.५ − ८.४९) ÷ ८, म्हणजे −०.४५. आता कोणी म्हणेल, ठोकळा खाली निघाला. पण लटकत्याची ओढ २९.४ ही उतारावरच्या २४.५ पेक्षा अजूनही जास्त आहे, मग खाली ओढलं कोणी? घर्षणाने? घर्षण स्थिर ठोकळ्याला स्वतःहून हलवत नाही. फरक ४.९ न्यूटन आहे आणि स्थितिक घर्षण १२.७३ पर्यंत देऊ शकतं, म्हणून ठोकळे जागच्या जागी राहतात. त्वरण शून्य, ताण २९.४ न्यूटन आणि घर्षण नेमकं ४.९ न्यूटन, उतारावरून खाली. इथे १२.७३ लिहिणं ही फार होणारी चूक आहे. ती घर्षणाची कमाल मर्यादा आहे, घर्षण गरजेपुरतंच लागतं.

असं कुठपर्यंत होतं, तेही काढता येतं. लटकत्याचं वजन २४.५ − १२.७३ आणि २४.५ + १२.७३ यांच्या मध्ये, म्हणजे ११.७७ ते ३७.२३ न्यूटन असेल, तोवर काहीच हलत नाही. किलोमध्ये साधारण १.२ ते ३.८. तुमचं लटकतं वजन या पट्ट्यात असेल तर त्वरणाचं समीकरण मांडायचंच नाही. ४ किलो या पट्ट्याच्या जेमतेम बाहेर आहे, त्वरण ०.६९ इतकं लहान येतं त्याचं कारणही हेच.

कप्पीला वजन असेल तर

प्रयोगशाळेत मापलं तर ०.६९ पेक्षा थोडं कमी निघतं. स्थिर अवस्थेतून १ मीटर जायला हिशेबाने १.७० सेकंद लागायला हवेत, घड्याळ थोडे जास्त दाखवेल. एक कारण कप्पी. तीही फिरते आणि तिला फिरवायलाही बल लागतं. कप्पी २ किलोची भरीव चकती धरली आणि दोरी तिच्यावर घसरत नसेल, तर खालच्या ९ किलोत तिच्या निम्म्या वस्तुमानाची, म्हणजे १ किलोची भर पडते आणि a = ६.२१ ÷ १० = ०.६२ होतं.

आता ताण दोन्ही बाजूंना सारखा राहत नाही. लटकत्या बाजूला ४ × (९.८ − ०.६२) = ३६.७२, उताराच्या बाजूला ३२.९९ + ५ × ०.६२ = ३६.०९. फरक ०.६३, आणि कप्पीला फिरवायला लागणारं बल १ × ०.६२. एका शतांशाचा फरक आकडे आधीच गोल केल्यामुळे आहे, a = ०.६२१३ धरलं तर तोही जातो. लटकत्या बाजूचा ताण मोठा हवा, कारण कप्पी त्या बाजूला फिरते. तुमच्या उत्तरात हे उलटं आलं, तर कप्पीच्या समीकरणातलं चिन्ह तपासा.